ब्राइट बारचा यील्ड पॉइंट गेला कुठे?

प्रश्न: सर, मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, खानापूरहून बेळगावला ये-जा करतो. प्रॅक्टिकलला साध्या एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या बारचा यील्ड पॉइंट काट्यावर स्पष्ट दिसला. मग वर्कशॉपमधला ब्राइट बार लावला, तोही एमएसच, पण त्याला यील्ड पॉइंट आलाच नाही आणि लोड मात्र जास्त घेतला. यील्ड पॉइंट आणि इलॅस्टिक लिमिट एकच की वेगळे? ब्राइट बार जास्त टफ म्हणायचा का? आणि ग्राफवरून ई काढला तर १५ गिगापास्कल येतोय, पुस्तकात २०० आहे.

उत्तर:

त्या ब्राइट बारचं यील्डिंग तुझ्या हातात येण्याआधीच होऊन गेलंय. गरम रोलिंग करून आलेला काळा बार थंड अवस्थेतच डायमधून ओढला की ब्राइट बार तयार होतो. या ओढण्यात त्याचं क्षेत्रफळ साधारण पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे तू मशीनवर जो खेळ पाहायला बसला होतास त्याचा पहिला अंक कारखान्यातच संपला होता. तुझ्या ग्राफवर पुढचा अंक तेवढा उमटला. ही एक गोष्ट नीट समजली की तुझे बाकीचे प्रश्न तिच्याच मागोमाग सुटत जातात. म्हणून आधी साधा बार घेऊन सावकाश जाऊ या.

उद्यमबागेतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी अठ्ठावीस वर्षं टेन्साइल टेस्ट करतोय. आकडे लागतील म्हणून आमच्याकडे नेहमी येतो तसा एक नमुना धरतो: १० मि.मी. व्यासाचा टेस्ट पीस, त्यावर ५० मि.मी. अंतरावर दोन पंच मार्क. क्षेत्रफळ ७८.५ चौ. मि.मी. साध्या एमएसवर लोड वाढवत गेलास की २२.८ किलोन्यूटनच्या आसपास काटा थबकतो आणि थोडा मागे येतो, २१.२ वर. मग तो तिथेच जरासा थरथरत राहतो आणि बार मात्र लांबत असतो. क्षेत्रफळाने भागलं तर पहिला आकडा २९० मेगापास्कल, हा अप्पर यील्ड. दुसरा २७०, हा लोअर यील्ड. जुन्या डायलच्या मशीनवर दोन काटे असतात. त्यातला ढकलला जाणारा काटा वरच राहतो आणि लोड दाखवणारा खाली येतो. त्या क्षणी दोन्हींकडे एकदम लक्ष ठेवलंस तर अप्पर आणि लोअर दोन्ही वाचता येतात. नंतर लोड पुन्हा चढायला लागला की वर राहिलेला काटा पुढे ढकलला जातो आणि अप्परचा आकडा कायमचा हातचा जातो. दोन मुलं मशीनपाशी असतील तर एकाने फक्त काट्यांकडे बघावं.

इथे मशीनचा लोड देणारा व्हॉल्व्ह किती उघडलाय हेही बघायला हवं. अप्पर यील्ड वेगाच्या बाबतीत फार हळवा असतो. आयएस १६०८ प्रमाणे स्टीलला तिथवर नेताना स्ट्रेस सेकंदाला ६ ते ६० मेगापास्कल या वेगाने वाढायला हवा. आपल्या १० मि.मी.च्या पीसला याचा अर्थ सेकंदाला साधारण अर्धा ते पावणेपाच किलोन्यूटन. बस पकडायच्या घाईत व्हॉल्व्ह सगळा उघडला की अप्पर यील्ड फुगून येतो आणि लोअरवरचा थांबा इतक्या लवकर सरतो की तो दिसतच नाही. लोअर यील्ड त्या मानाने स्थिर असतो. डिझाइन करताना भरवसा ठेवायचा तो लोअरवर, याचं एक कारण हे.

आता तुझा ई, म्हणजे लवचीक टप्प्यातलं स्ट्रेस आणि स्ट्रेनचं गुणोत्तर. २७० मेगापास्कल स्ट्रेसला स्टीलचा खरा लवचीक स्ट्रेन किती? २७० भागिले २,००,००० म्हणजे ०.००१३५. पन्नास मि.मी.च्या अंतरात ही लांबी ०.०७ मि.मी. सुद्धा भरत नाही, डोक्याच्या केसाइतकी. तू मात्र ग्राफवर तिथे पाऊण ते एक मि.मी. वाचलं असणार. ते पाऊण मि.मी. बारचं नव्हतंच. जबड्याचे दात बारमध्ये रुततात, वेजेस बसतात, मशीनचे खांब आणि स्क्रू जरासे ताणले जातात, पंच मार्कांच्या बाहेरचा बारही लांबतो, आणि हे सगळं मिळून बार ओढणाऱ्या क्रॉसहेडच्या हालचालीत धरलं जातं. २७० भागिले ०.०१८ केलं की बरोब्बर तुझे १५ गिगापास्कल येतात. म्हणजे तुझं गणित चुकलेलं नाही, मोजलेली वस्तू वेगळी होती. ई हवा असेल तर थेट बारलाच एक्स्टेन्सोमीटर लावायला हवा. तो यील्डच्या आधी वाचून काढून घे, नाहीतर बार तुटताना त्याचेही तुकडे होतात. यील्डच्या पुढे मात्र बार मिलिमीटरने लांबतो, त्यामुळे तिथे क्रॉसहेडचा ग्राफ बराच विश्वासाचा. म्हणून जर्नलमध्ये एवढं लिहून ठेव की सुरुवातीची चढण मशीनची आहे आणि पुढचा भाग बारचा.

या केसाइतक्या लांबीतच इलॅस्टिक लिमिटही दडलेली असते, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. या चढणीवर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्रेस आणि स्ट्रेन जिथपर्यंत सरळ प्रमाणात राहतात ती प्रपोर्शनल लिमिट. लोड काढल्यावर बार जिथपर्यंत पूर्ण मूळ लांबीवर येतो ती इलॅस्टिक लिमिट. आणि लोड न वाढवताही बार जिथे लांबत सुटतो तो यील्ड पॉइंट. पुस्तकातल्या आकृतीत हे तीन ठिपके बोटभर अंतराने काढलेले असतात, ते समजावं म्हणून. साध्या एमएसमध्ये प्रत्यक्षात ते जवळजवळ एकमेकांना चिकटून असतात.

तिघांत खरा फरक आहे तो शोधण्याच्या पद्धतीत. यील्ड पॉइंट बार स्वतःहून दाखवतो, काटा थांबतो. इलॅस्टिक लिमिट कुठल्याही ग्राफवर आपोआप उमटत नाही. ती शोधायची तर लोड द्यायचा, काढायचा, कायमची लांबी उरली का ते मोजायचं, मग थोडा जास्त लोड देऊन पुन्हा तेच. आणि उत्तर तुझ्या उपकरणावर अवलंबून. शंभरावा भाग मोजणाऱ्या गेजवर एक उत्तर येतं, हजारावा भाग मोजणाऱ्यावर त्याहून कमी येतं. अशा आकड्यावर दोन लॅबचं एकमत कधी व्हायचं नाही. म्हणून व्यवहारात एक ठरवून घेतलेली खूण वापरतात, ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस. पन्नास मि.मी.त ०.१ मि.मी. कायमची लांबी उरेल तो स्ट्रेस. ग्राफवर स्ट्रेनच्या रेघेवर ०.००२ पासून सुरुवातीच्या चढणीला समांतर रेघ काढायची, ती वक्राला छेदेल तिथे प्रूफ स्ट्रेस. ही समांतर रेघ एक्स्टेन्सोमीटरच्या ग्राफवरच काढ. क्रॉसहेडच्या ग्राफवर काढून पाच-सहा टक्के चुकलेले रिपोर्ट मी पाहिलेत.

ब्राइट बारला तुला हीच खूण लावायची आहे. आपल्या बेळगावच्या फाउंड्रीत ओतला जाणारा एसजी आयर्नही असाच. त्याला काटा थांबण्याचा प्रकार नसतो, म्हणून ४००/१५ ग्रेडच्या रिपोर्टवर २५० मेगापास्कलची किमान अट लिहिलेली असते ती ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेसची. अॅल्युमिनियम, तांबं यांचंही तेच. खरं तर काटा थांबणारा साधा एमएसच धातूंमध्ये वेगळा. शिकवताना नेमकी तीच आकृती सगळ्यात आधी येते, म्हणून मुलांना वाटतं की सगळ्या धातूंना यील्ड पॉइंट असायलाच हवा.

एमएसमध्ये असं होतं तरी का? लोखंडाच्या स्फटिकात अणूंच्या रांगा सगळीकडे नीट नसतात, मधेमधे अर्धवट संपलेल्या रांगा असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. धातू कायमचा लांबतो तो या डिसलोकेशन सरकल्यामुळे. एमएसमध्ये कार्बन आणि नायट्रोजनचे लहान अणू लोखंडाच्या अणूंच्या फटीत बसलेले असतात. डिसलोकेशनपाशी फट जरा मोठी असते, तिथे त्यांना सैल जागा मिळते, म्हणून ते तिथेच जमा होतात आणि डिसलोकेशनला खिळवून ठेवतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं. खिळलेली डिसलोकेशन सुटायला जास्त जोर लागतो, तो अप्पर यील्ड. एकदा सुटली की कमी जोरातही सरकतात, तो लोअर यील्ड. चिखलात रुतलेली बैलगाडी हलवताना सुरुवातीला किती जोर लागतो आणि चाक निघाल्यावर किती कमी, ते तुला खानापूरकडे पावसाळ्यात सांगायला नको.

हे सुटणं सगळ्या बारभर एकदम होत नाही. आधी एका टोकाशी, बहुधा जबड्याजवळ जिथे स्ट्रेस जरा जास्त असतो तिथे, एक तिरकी पट्टी सुटते आणि मग ती पट्टी बारभर पसरत जाते. यांना ल्यूडर्स पट्ट्या म्हणतात. काळ्या बारवर त्या बघायला फार सोपं आहे. रोलिंगची निळी-काळी खपली बारवर असते, ती यील्डला तडतड करून तिरक्या रेघांनी गळायला लागते. काटा थबकला त्या वेळी बारकडे पाहिलंस तर खपल्यांचा चुरा खालच्या जबड्यावर पडताना दिसेल. मी तर नव्या मुलांना आधी तो चुरा दाखवतो, काटा नंतर. पट्टी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ग्राफ आडवा चालतो, आपल्या पीसला साधारण पाऊण मि.मी. एवढा. सगळा बार सुटला की मग तो पुन्हा घट्ट व्हायला लागतो आणि वक्र वर चढतो.

आता तुझ्या ब्राइट बारकडे. डायमध्ये त्याची डिसलोकेशन सुटली, सरकली, आणि त्या झटापटीत नवीन इतकी तयार झाली की त्यांचीच एकमेकांत गुंतागुंत झाली. त्यामुळे त्याला आणखी ताणायला जास्त जोर लागतो. तुला जास्त लोड मिळाला तो यामुळे.

इथे चांगला विद्यार्थी एक शंका काढतो, ती मीच मांडतो. बार महिनोन्‌महिने गोदामात पडून असतो, मग कार्बन-नायट्रोजनचे अणू पुन्हा जाऊन डिसलोकेशनला खिळत का नाहीत? खिळतात, याला स्ट्रेन एजिंग म्हणतात, आणि ते तू स्वतः करून बघू शकतोस. साध्या एमएसचे दोन पीस घे. दोन्ही यील्डच्या पुढे दीड मि.मी. लांबव आणि लोड काढ. पहिला लगेच पुन्हा ओढ. काटा थांबणार नाही, आधी जिथे लोड काढला होता त्याच्या आसपास वक्र हळूच वळेल. दुसरा पीस तीन-चार तास उकळत्या पाण्यात ठेव, थंड कर आणि मग ओढ. काटा पुन्हा थांबेल, आणि तोही आधीच्या यील्डपेक्षा बऱ्याच वरच्या लोडला. पाण्यात न टाकता कपाटात ठेवलास तर याच गोष्टीला कित्येक आठवडे लागतात. स्टील बनवताना अॅल्युमिनियम घालून नायट्रोजन बांधून टाकला असेल तर परिणाम मंद दिसतो, तेव्हा पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर दुसऱ्या गिरणीचा बार घेऊन बघ.

मग ब्राइट बारचा थांबा परत का येत नाही? दोन कारणं. त्याच्यात डिसलोकेशन इतकी वाढलेली असतात की थोड्याशा अणूंना सगळ्यांना खिळवणं जमत नाही. आणि दुसरं, डायमधून जाताना बारची बाहेरची साल आणि आतला गाभा सारखे ताणले जात नाहीत, त्यामुळे आत काही स्ट्रेस कायमचे अडकून राहतात. तू ओढायला लागलास की काही थर आधी यील्ड होतात, काही नंतर. प्रत्येक थराची वेळ वेगळी, म्हणून ग्राफवर कोपरा न दिसता गोलाई दिसते. याच कारणाने ब्राइट बारचा वक्र सरळ रेघेपासून बराच आधी वाकायला लागतो. म्हणजे त्याचा प्रूफ स्ट्रेस साध्या बारच्या जवळजवळ दुप्पट असला तरी प्रपोर्शनल लिमिट त्या प्रमाणात वाढलेली नसते. यील्ड आणि इलॅस्टिक लिमिट यांतला फरक साध्या एमएसमध्ये दिसत नाही, तो इथे डोळ्यांना दिसतो.

आता टफनेस, म्हणजे आपला साधा मराठी शब्द, चिवटपणा. तुटेपर्यंत धातूने प्रत्येक घन मिलिमीटरमागे किती ऊर्जा पचवली हे त्याचं माप, आणि ते ग्राफच्या वक्राखालच्या क्षेत्रफळात मिळतं. साध्या एमएसच्या पीसने कमाल ३३.८ किलोन्यूटन घेतला, म्हणजे ४३० मेगापास्कल, आणि तुटल्यावर तुकडे जुळवून पंच मार्कांमधलं अंतर ६६ मि.मी. भरलं, म्हणजे ३२ टक्के लांबला. ब्राइट बारने ४४ किलोन्यूटन घेतला, म्हणजे ५६० मेगापास्कल, त्याचा प्रूफ स्ट्रेस ५२०, पण लांबला फक्त १३ टक्के. असे आकडे रोज पाहायला मिळतात, तुझेही याच्या जवळपास असतील.

तन्य धातूसाठी क्षेत्रफळाचा एक बऱ्यापैकी अंदाज असा काढतात: यील्ड आणि कमाल स्ट्रेसची सरासरी गुणिले तुटेपर्यंतचा स्ट्रेन. साध्या बारला २७० आणि ४३० ची सरासरी ३५०, गुणिले ०.३२, म्हणजे ११२. ब्राइट बारला ५४० गुणिले ०.१३, म्हणजे ७०. एकक न्यूटन-मि.मी. दर घन मि.मी. म्हणजे ज्याने जास्त लोड घेतला त्याचा चिवटपणा साधारण एक तृतीयांशापेक्षाही जास्त घटलेला. म्हणून ब्राइट बार जास्त टफ का, या तुझ्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर. ब्राइट बार बळकट आहे, चिवट कमी आहे. डायने जी ऊर्जा आधीच काढून घेतली ती तुला परत मिळत नाही.

हे आकडे हातात धरता यावेत म्हणून आणखी एक पायरी. पंच मार्कांमधलं आकारमान ३९२७ घन मि.मी. त्याला ११२ ने गुणलं तर ४४० जूल होतात. ४५ किलोचं पोतं एक मीटरवरून पडलं तर जेवढी ऊर्जा तेवढी. आणि यील्डपर्यंतची, म्हणजे लोड काढल्यावर बार जी परत देतो ती ऊर्जा? यील्डचा वर्ग भागिले दुप्पट ई, ०.१८ दर घन मि.मी., सगळ्या पीसची मिळून पाऊण जूलही नाही. एक लिंबू मीटरभरावरून पडलं तर तेवढी. लिंबू आणि पोतं, एवढा फरक आहे यील्डच्या आधीच्या आणि नंतरच्या भागात. डिझाइन आपण लिंबाच्या हिशोबाने करतो आणि अपघात पोत्याच्या हिशोबाने होतो.

मोजताना एक फसगत टाळ. बार शेवटी एका जागी बारीक होतो, नेक पडतो, आणि शेवटची लांबी तेवढ्याच जागी वाढते. आपल्या १६ मि.मी.पैकी साधारण १० मि.मी. सगळ्या लांबीत सारखी वाढली आणि ६ मि.मी. एकट्या नेकमध्ये. हाच बार १०० मि.मी. अंतराने पंच केला असता तर सारखी वाढ २० मि.मी. झाली असती, नेकची ६ तशीच, एकूण २६ टक्के. धातू तोच, पण कागदावर ३२ चे २६ झाले आणि चिवटपणाही तितकाच कमी दिसला. म्हणून गोल पीसला व्यासाच्या पाचपट अंतर हा नेम पाळतात, आणि वेगळ्या अंतरावरचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करू नये. नेक पडल्यावर ग्राफ खाली येतो त्यावरूनही धातू दुबळा झाला असं समजू नको. आपला पीस २५.१ किलोन्यूटनला तुटला, पण नेकचा व्यास तोवर ६.२ मि.मी. उरला होता. त्या खऱ्या क्षेत्रफळावर स्ट्रेस ८३० मेगापास्कल होतो. धातू शेवटपर्यंत घट्टच होत होता, कमी झालं ते क्षेत्रफळ.

या फरकाची किंमत काय असते ते एका पिनने मला नीट दाखवलं. चिकोडीकडचा एक ट्रॅक्टरवाला उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढायचा. ट्रॅक्टर आणि पुढच्या ट्रॉलीमधली एमएसची पिन दर पंधरवड्याला वाकायची. तो वैतागला आणि एका वर्कशॉपमधून जुन्या एक्सलच्या तुकड्याची पिन करून घेतली. लालबुंद तापवून पाण्यात बुडवली, "आता पाणी दिलंय, वाकायची नाही" असं त्याला सांगितलं गेलं. खरंच वाकली नाही. तिसऱ्या आठवड्यात भरलेल्या ट्रॉलीसकट शेतातून रस्त्यावर चढताना एक हिसका बसला आणि पिनचे दोन तुकडे झाले. ट्रॉली मागे घसरून बांधाला टेकली, मागे माणूस नव्हता म्हणून निभावलं.

तुकडे माझ्याकडे आले तेव्हा ते जुळवून पाहिले. तुटलेली पिन जुळवल्यावर अगदी सरळ, वाक नावालाही नाही. तुटलेला भाग सपाट, खडीसाखरेसारखा चमकणारा. चिवट तुटला असता तर कडेला तिरका ओठ आणि मधे मळकट, तंतुमय भाग दिसला असता, तुझ्या साध्या बारचा कप आणि कोन दिसतो तसा. कानस लावली तर घसरत होती. कडकपणा मोजला तर रॉकवेल सी ५२ आला. पाणी दिल्यानंतर टेम्परिंग केलंच नव्हतं. अशा स्टीलचा कमाल स्ट्रेस १८०० च्या घरात असतो, पण तो एक टक्काही नीट लांबत नाही. वक्र उंच आणि अरुंद, क्षेत्रफळ पंधरा-वीसच्या वर जात नाही. साध्या एमएसच्या ११२ समोर हे ठेवून बघ.

आणि तुटण्याची सुरुवात कुठून झाली होती? पिनच्या डोक्याखाली लेथवर टूलने सोडलेल्या टोकदार कोपऱ्यातून. इथे टेन्साइल ग्राफची एक मर्यादा सांगायलाच हवी. वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे गुळगुळीत पीस सावकाश ओढल्यावरचा चिवटपणा. खाच असेल, हिसका असेल तर धातूला पसरून लांबायला जागा मिळत नाही, सगळा ताण खाचेच्या तळाशी गोळा होतो, आणि ग्राफवर चिवट दिसणारं स्टीलही ठिसूळ वागू शकतं. म्हणून हिसक्याच्या भागांसाठी खाचेचा तुकडा हातोड्याने तोडणारी चार्पी टेस्ट वेगळी करतात. शिवाय पिनवर निव्वळ ताण नसतो, शिअर आणि वाकणं असतं. म्हणून ११२ आणि २० हे आकडे दोन धातूंची तुलना करायला वापर, पिनचा आकार ठरवायला नको.

नंतर आम्ही त्याला ईएन १९ ची पिन सुचवली. तेलात हार्ड करून ६०० अंशांच्या आसपास टेम्पर केलेली, रॉकवेल सी २८, आणि डोक्याखाली ३ मि.मी.ची गोलाई. त्याच बारचा टेन्साइल केला तर यील्ड ७२० च्या जवळ, कमाल ९००, लांबी १५ टक्के. सरासरी ८१० गुणिले ०.१५ म्हणजे १२०. क्षेत्रफळ जवळजवळ साध्या एमएसएवढंच, पण यील्ड अडीचपटीहून वर, त्यामुळे यील्डपर्यंतची ऊर्जा ०.१८ च्या जागी १.३. रोजचे लहान हिसके ही पिन न वाकता परत देते आणि मोठा हिसका आला तर तुटण्याआधी वाकते. एमएसची पिन मोठ्या हिसक्याला चांगली होती, रोजच्या हिसक्यांना हलकी पडत होती. पाणी दिलेल्या पिनचं उलटं होतं. ड्रायव्हरला मी एवढंच सांगितलं की रोज संध्याकाळी पिन काढून सपाट फरशीवर लोळवून बघ, डगमगली की बदल.

तुझ्या प्रॅक्टिकलसाठी: पुढच्या वेळी ब्राइट बारचा एक तुकडा भट्टीत ९०० अंशांना अर्धा तास ठेवून हवेत थंड कर आणि त्याचाही १० मि.मी.चा पीस ओढ. यील्डचा थांबा आणि तीस टक्क्यांच्या आसपासची लांबी परत आलेली दिसेल, कमाल लोड खाली आलेला दिसेल. तिन्ही ग्राफ एकाच कागदावर, एकाच स्केलने काढ आणि चौकोन मोजून खालची क्षेत्रफळं लिही.